फोटोतल्या कपाळावरची पट्टी कशी काढावी : नवशिक्यांसाठी

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा शेवटचा चांगला फोटो नेमका आजारपणातला किंवा पडल्यानंतरचा असतो, आणि त्यात कपाळावर गॉझचा चौकोन दिसतो. डोळ्यांत ओळखीचा भाव असतो, हसू खरं असतं. फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा असतो, पण नजर आधी त्या पांढऱ्या पट्टीवर जाते. फोटो दुरुस्तीचं काम पूर्वी कधीच केलं नसलं तरी ही पट्टी घरी बसून काढता येते. त्यासाठी जिंप हा मोफत मिळणारा प्रोग्राम, माऊस आणि निवांत एक संध्याकाळ पुरते.

नवशिक्या इथे बहुतेक वेळा एकच गोष्ट करतो. तो हील टूल, म्हणजे डाग बुजवणारा ब्रश, घेतो, पट्टीवर फिरवतो, आणि तिथे दुधाळ, धुरकट डाग उरतो. पुन्हा फिरवलं की डाग पसरतो. हे का होतं ते आधी समजून घेतलं तर पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप लक्षात राहतात. हील टूल तुम्ही दाखवलेल्या जागेवरून फक्त त्वचेचा पोत उचलतं. रंग आणि उजेड मात्र ते ब्रश जिथे फिरतो तिथल्या कडांवरून ठरवतं. कडेला नितळ त्वचा असेल तर काम सुरेख होतं. कडेला पांढरा गॉझ असेल तर ते पांढरेपण आत ओढलं जातं. म्हणून क्रम असा ठेवायचा : आधी पट्टी खऱ्या त्वचेच्या तुकड्याने पूर्ण झाका, आणि हील फक्त सांध्यांवर वापरा.

मी इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. ४ × ६ इंचांचा रंगीत फोटो आहे. नऊवारीतली आजी खुर्चीत बसली आहे आणि खिडकीचा उजेड फोटोच्या उजव्या बाजूने येतो आहे. डाव्या भुवईच्या वर गॉझचा चौकोन आहे आणि तो दोन चिकटपट्ट्यांनी धरलेला आहे. एका चिकटपट्टीने कुंकवाचा डावा तिसरा हिस्सा झाकला आहे, तर दुसरीचं टोक कानशिलाजवळच्या केसांत गेलं आहे. (डावं-उजवं मी सगळीकडे फोटो पाहणाऱ्याच्या बाजूने म्हणतो आहे.)

आधी फाइल नीट मिळवा

कागदावरचा फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांनी, स्कॅन करा आणि टिफ स्वरूपात ठेवा. ४ × ६ इंचांच्या फोटोची २४०० × ३६०० पिक्सेलची फाइल होते, आणि ८ × १२ इंचांच्या छपाईला ती नेमकी पुरते. १२०० डीपीआयला स्कॅन केलं तर फाइल फुगते, पण साध्या लॅब-प्रिंटमध्ये त्याहून जास्त तपशील सहसा नसतो. काचेवर बोटांचे ठसे राहू देऊ नका. स्कॅनरचं आपोआप रंग सुधारणारं बटणही बंद ठेवा, कारण ते त्वचेचा रंग बदलून टाकतं.

फोटो मोबाइलवर काढलेला असेल तर ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागा आणि व्हॉट्सॲपवर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साध्या फोटोसारखी पाठवली तर फाइल दाबली जाते, त्वचेवर बारीक चौकोन उमटतात, आणि आपल्याला जो पोत उचलायचा आहे तोच नाहीसा होतो. मूळ फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका.

घरच्यांशी बोला, मग माऊस धरा

पट्टीखाली काय होतं हे फोटो सांगू शकत नाही. त्याच माणसाचे आधीचे दोन-तीन फोटो मागवा आणि कपाळ बघा. कुठे तीळ आहे का, जुना व्रण आहे का, आठ्या किती आणि कशा जातात, केस कुठून सुरू होतात, हे पाहून घ्या. आमच्या आजीच्या कपाळावर तीन ठळक आडव्या आठ्या होत्या आणि मधली डावीकडे थोडी तुटलेली होती, हे जुन्या फोटोतूनच कळलं.

कुंकवाबद्दल तर विचारायलाच हवं. या फोटोत ते दिसतंय, त्यामुळे झाकलेला भाग पुरा करायला हरकत नाही. पण पट्टीने पूर्ण कपाळ झाकलं असेल तर स्वतःच्या अंदाजाने कुंकू लावू नका आणि पुसूही नका. ती बाई त्या काळात कुंकू लावत होती की नव्हती, आणि घरच्यांना फोटोत काय हवं आहे, हे त्यांनीच सांगायचं. डोळ्याभोवती सूज किंवा काळं-निळं असेल तर तेही काढायचं का, हा प्रश्न त्याच वेळी विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा. पट्टी डोक्याभोवती गुंडाळलेली असेल, किंवा अर्ध्याहून जास्त कपाळ झाकत असेल, तर ही पद्धत पुरणार नाही, कारण उचलायला त्वचाच उरत नाही. तेव्हा तशाच कोनातल्या आणि तशाच उजेडातल्या दुसऱ्या फोटोतून कपाळ आणावं लागतं. ते काम वेगळं आहे आणि पहिल्याच प्रयत्नात घेऊ नये.

त्वचेचा तुकडा कुठून घ्यायचा

सगळ्यात जास्त विचार इथे करायचा. मनात पहिल्यांदा येतं ते असं, की डाव्या बाजूला पट्टी आहे तर उजव्या बाजूचं कपाळ घ्यावं, आरशासारखं उलटवावं आणि ठेवावं. आठ्यांच्या दृष्टीने ते बरोबर वाटतं, कारण आठ्या दोन्ही बाजूंना बाहेर जाताना खाली वळतात. पण उजेड उजवीकडून येतो आहे. उजवीकडचा तुकडा उलटवला की त्याची उजळ कड डाव्या कानशिलाकडे जाते, जिथे खरं तर सावली असायला हवी. पाहणाऱ्याला काय चुकलं हे सांगता येणार नाही, पण चेहरा सुजल्यासारखा वाटेल.

न उलटवता घेतला तर उजेडाची दिशा बरोबर राहते, म्हणजे उजवीकडे उजळ आणि डावीकडे मंद. आठ्या मात्र उलट वळतात. यातून वाट काढायची ती अशी, की तुकडा कपाळाच्या मध्याजवळून, कुंकवाच्या लगेच उजवीकडून घ्यायचा. तिथे आठ्या जवळपास सरळ असतात. मग तो थोडा फिरवायचा, की डावं टोक खाली येतं आणि आठ्या पट्टीच्या डावीकडे दिसणाऱ्या आठ्यांना जाऊन मिळतात. आमच्या फोटोत ६ ते ८ अंश पुरले. उजेड समोरून सपाट पडलेला असेल, उदाहरणार्थ फ्लॅशचा फोटो असेल, तर मात्र उलटवलेला तुकडा खुशाल वापरा.

आता प्रत्यक्ष कृती. जिंपमध्ये फोटो एकावर एक ठेवलेल्या थरांचा, म्हणजे लेअरचा, बनतो. मूळ लेअरची प्रत करा : `Layer > Duplicate Layer`. खालचा लेअर तसाच राहू द्या. F दाबून फ्री सिलेक्ट घ्या आणि त्वचेचा तुकडा आखा. तो पट्टीपेक्षा सगळीकडून २० ते २५ पिक्सेल मोठा हवा. आमची पट्टी साधारण १८० × १२० पिक्सेलची होती, म्हणून तुकडा २२० × १६० च्या आसपास घेतला. हा जास्तीचा काठ महत्त्वाचा आहे, कारण पट्टीच्या कडेला तिची बारीक सावली आणि चिकटपट्टीने लाल झालेली त्वचा असते. तीही झाकली गेली पाहिजे.

Ctrl+C, मग Ctrl+V. लेअरच्या यादीत तरंगता लेअर दिसला तर Shift+Ctrl+N दाबा, म्हणजे त्याचा स्वतंत्र लेअर होतो. तुकडा M ने सरकवून पट्टीवर ठेवा आणि Shift+R ने फिरवा. फिरवताना फक्त आठ्यांकडे लक्ष द्या, रंग नंतर बघू. तीनपैकी दोन आठ्या नीट जुळल्या तर पुरे आहे, तिसरी हाताने जोडता येते. गोधडीला ठिगळ लावताना आधी कापडाचे धागे जुळवतात आणि टाका नंतर घालतात, तसंच हे आहे.

उजेड जुळवा

तुकडा आता बरोबर जागी आहे, पण ठळक दिसतो, कारण तो उजळ भागातून आला आहे. किती फरक आहे हे डोळ्याने ठरवू नका. O दाबून कलर पिकर घ्या, `Sample average` चालू करा, आणि पट्टीच्या डावीकडची नितळ त्वचा व तुकड्याची डावी कड यांचे आकडे बघा. समजा खरी त्वचा लाल १५०, हिरवा १०८, निळा ८४ आहे आणि तुकडा १७६, १३०, १०२. तिन्ही आकडे साधारण सारख्याच प्रमाणात वर आहेत, म्हणजे हा फरक उजेडाचा आहे, रंगाचा नाही. `Colors > Curves` मध्ये रेषेचा मधला भाग थोडा खाली ओढला की काम होतं. एकच आकडा वेगळा पळत असेल, बहुधा लाल, तर कर्व्हजमध्ये त्या एकाच रंगाची रेषा हलवा.

अडचण पुढे येते. डावी कड जुळली की उजवी कड जास्त काळी पडते, कारण कुंकवाजवळ त्वचा खरोखरच उजळ आहे. म्हणून कर्व्हज लावण्याआधी तुकड्याच्या दोन प्रती ठेवा. खालची प्रत उजव्या कडेशी जुळवा आणि वरची डाव्या कडेशी. वरच्या प्रतीला `Layer > Mask > Add Layer Mask` ने पांढरा मास्क द्या. मास्क म्हणजे लेअरवरचा पडदा : तो पांढरा असेल तिथे लेअर दिसतो, काळा असेल तिथे लपतो. मग G दाबून ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारा पट्टा, घ्या. ग्रेडियंट पांढऱ्यापासून काळ्याकडे जाणारा हवा, तो मास्कवर डावीकडून उजवीकडे ओढा. डावीकडे गडद प्रत दिसेल, उजवीकडे उजळ, आणि मधला बदल हळुवार होईल. पटलं की वरच्या प्रतीवर `Merge Down` करा.

आता या एका लेअरला पुन्हा पांढरा मास्क द्या. मऊ कडेचा ब्रश घ्या, काळा रंग, अपारदर्शकता ३० च्या आसपास, आणि तुकड्याच्या कडा हळूहळू पुसा. आत सरकत पट्टी दिसू लागली तर X दाबून पांढऱ्याने परत भरा. मास्कचा फायदा हाच, की काहीही कायमचं जात नाही.

सांधे, केस आणि कुंकू

आता हील टूलची वेळ आली. ते रिकाम्या लेअरवर नीट चालत नाही, म्हणून `Layer > New from Visible` ने सगळं एकत्र दिसणारा नवा लेअर बनवा आणि त्यावर काम करा. H दाबा. ब्रश सांध्याच्या रुंदीपेक्षा थोडा मोठा ठेवा, इथे २५ ते ३० पिक्सेल, आणि कड मऊ. Ctrl धरून जवळच्या नितळ त्वचेवर क्लिक करा आणि सांध्यावर छोटे छोटे ठिपके द्या. लांब फराटा मारू नका. दर चार-पाच ठिपक्यांनी नवीन जागा निवडा, नाहीतर तोच रंध्रांचा नमुना पुन्हा पुन्हा उमटतो.

आठ्यांवरून हील आडवं फिरवू नका. आठी ओलांडताना ती पुसली जाते आणि मधेच गुळगुळीत पट्टा दिसतो. आठी तुटली असेल तर क्लोन टूल घ्या (C), जे निवडलेली जागा जशीच्या तशी दुसरीकडे उमटवतं, दुसऱ्या बाजूच्या त्याच आठीवर Ctrl-क्लिक करा, आणि आठीच्या दिशेनेच ओढा. वय कमी करण्याचा मोह इथे होतो, कारण हील हातात असतं आणि सगळं मऊ होत असतं. पण आजीच्या आठ्या या आजीच्याच आहेत. पट्टीच्या जागी आठ्या पुसल्या आणि बाकी कपाळावर राहिल्या, तर फोटो पाहणाऱ्याला तिथे काहीतरी होतं हे लगेच कळतं.

केसांत गेलेलं चिकटपट्टीचं टोक वेगळ्या पद्धतीने काढायचं. तिथे हील वापरलं की केस आणि त्वचा एकमेकांत मिसळून करडा डाग होतो. क्लोन घ्या, ब्रश ४ ते ६ पिक्सेलचा. शेजारची बट, जी त्याच दिशेला जाते, तिच्या मुळाशी Ctrl-क्लिक करा आणि मुळापासून टोकाकडे एका दमात ओढा. पांढरे आणि काळे केस दोन्ही घ्या. केसांची कपाळावरची कड सरळ रेषेत येऊ देऊ नका. दोन-चार सुटे केस कपाळावर आले पाहिजेत, जसे दुसऱ्या बाजूला आहेत.

कुंकू सोपं आहे, कारण दोन तृतीयांश दिसतं आहे. E दाबून लंबवर्तुळाकार निवड करा, उजवा अर्धा भाग कडेच्या दोन-तीन पिक्सेल त्वचेसह उचला, नव्या लेअरवर घ्या, `Layer > Transform > Flip Horizontally` ने उलटवा, आणि डाव्या बाजूला ठेवा. तुकडा छोटा असल्याने उजेडाचा फरक नगण्य असतो, तरी कर्व्हजने जरासा मंद करा. हाताने लावलेलं कुंकू कंपासने काढल्यासारखं गोल नसतं. डाव्या कडेला एखादा पिक्सेल कमी-जास्त करा, नाहीतर ते टिकलीसारखं दिसेल.

झालं का, हे कसं ओळखायचं

आपणच केलेलं काम आपल्या डोळ्यांना सवयीचं होतं, म्हणून फोटो मुद्दाम अनोळखी करून पाहावा लागतो. आधी 1 हा आकडा दाबून १०० टक्क्यांवर बघा. ४०० टक्क्यांवर सुंदर दिसणारं काम १०० टक्क्यांवर गुळगुळीत डाग ठरू शकतं. मग `View > Flip & Rotate > Flip Horizontally` करून उलटं बघा. उजेडाची चूक उलट्या चेहऱ्यात लगेच उठून दिसते.

सर्वांत कडक परीक्षा अशी आहे. `New from Visible` करून एक तात्पुरता लेअर घ्या, त्यावर `Colors > Desaturate > Desaturate` लावा, मग कर्व्हजची रेषा खूप उभी करा. चेहरा भेसूर दिसेल, पण तुकड्याची राहिलेली कड ढगासारखी समोर येईल. कृष्णधवल रूपात कड दिसत नसेल आणि रंगीत फोटोत दिसत असेल, तर उजेड बरोबर आहे आणि रंग चुकला आहे. तात्पुरता लेअर पुसा आणि तेवढीच जागा सुधारा.

पोतही बघा. फिरवलेला तुकडा किंचित मऊ होतो, आणि जुन्या फोटोला कण असतात. कपाळाचा तोच भाग मेणासारखा वाटला तर फक्त तेवढा निवडा, निवडीची कड `Select > Feather` ने १५ पिक्सेल मऊ करा, आणि `Filters > Noise > RGB Noise` अगदी थोडं द्या. त्यात `Independent RGB` बंद ठेवा, नाहीतर रंगीत ठिपके येतात. किती द्यायचं याचं माप शेजारची त्वचा हेच आहे.

शेवटी घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याने काम होताना पाहिलेलं नाही. ‘पट्टी दिसते का’ असं विचारू नका, कारण मग ते तीच शोधतील. नुसतं ‘फोटो कसा वाटतो’ विचारा आणि त्यांची नजर कुठे थांबते ते बघा.

छपाईला देताना

काम `.xcf` मध्ये सेव्ह करा, म्हणजे सगळे लेअर राहतील आणि पुढे काही बदलायचं झालं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. लॅबसाठी `File > Export As` ने जेपीजी काढा, क्वालिटी ९५. ८ × १२ ला आपली फाइल ३०० डीपीआयने छापली जाते. १२ × १८ हवा असेल तर तीच फाइल २०० डीपीआयला येते, आणि भिंतीवरचा फोटो लांबून पाहिला जात असल्याने तीही चालते.

मोठी प्रिंट काढण्याआधी ४ × ६ ची एक प्रत काढून दिवसाच्या उजेडात बघा. लॅबवाल्याला ‘ऑटो करेक्शन नको’ असं स्पष्ट सांगा. लॅबचं यंत्र कॉन्ट्रास्ट वाढवतं, आणि स्क्रीनवर न दिसलेली कड कागदावर वर येते. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर कपाळाचा उजळ भाग चमकतो आणि नजर पुन्हा तिथेच जाते. हाराच्या फोटोसाठी फ्रेम करणार असाल तर वरच्या बाजूला पुरेशी जागा सोडून कापायला सांगा, कारण हार फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यांवरून खाली येतो आणि घट्ट कापलेल्या फोटोत कपाळच झाकलं जातं. पट्टी असलेली मूळ प्रत पाकिटात घालून फ्रेमच्या मागे ठेवा आणि पाकिटावर फोटोचं साल लिहा.